गुणाचं बाळ

नवव्या महिन्यात दवाखान्यातल्या सिस्टरनी बजावलं होतं, जेवून डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळ किती वेळा हलतं ते मोजायचं. दोन तासांत दहा वेळा तरी हललं पाहिजे, नाहीतर लगेच यायचं. मी वाटीत दहा शेंगदाणे घ्यायची. बाळ हललं की एक तोंडात टाकायची.

त्या दुपारी चारच दाणे खाल्ले. सासूबाई म्हणाल्या, "दिवस भरत आलं की गपच असतंय. गुणाचं हाय, आईला तरास देत न्हाई." ते ऐकून मला बरं वाटलं, याचाच आजही राग येतो. मी वाटी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही बाळ हललं नाही, म्हणून विट्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकायचं यंत्र पोटावर सगळीकडे फिरवलं. ऐकू आले ते माझेच ठोके. मग सोनोग्राफी केली. बाळाचं हृदय थांबलं होतं.

"शेवटी शेवटी बाळ गप होत नसतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कमी हललं की त्याच दिवशी यायचं."

चार दिवसांनी रिकाम्या हातांनी घरी आले. वाटी कुणी हलवली नव्हती. झाकण काढलं, आत सहा दाणे होते.