धुतलेली पिशवी

लातूरला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा माझ्यातला निवृत्त मास्तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलायचा. ‘हिरवा डबा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्याचा. एवढंही कळू नये?’ रोज सकाळी असलं काहीतरी टाकायचो. लोक अंगठे पाठवायचे आणि कचरा पुन्हा जैसे थे. पालथ्या घड्यावर पाणी.

कचरा गोळा करणाऱ्या मावशी मागच्या अंगणातल्या खताच्या खड्ड्याचंही बघायच्या. भाजीची देठं, वर वाळका पाला, अधूनमधून खालीवर. पण आधी हिरव्या डब्यातलं प्लास्टिक त्यांना हातानं वेचावं लागे. हातमोजे दिले होते, पण चिकटलेल्या पिशव्या सुटत नाहीत म्हणून मावशी ते काढून ठेवत. एकदा कचऱ्यातल्या ब्लेडनं त्यांचं बोट कापलं. चिंधी बांधून माझ्यापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून खड्ड्याला हात लावणार नाही, याच हातानं घरी भाकरी थापायची असते.

मी चिडलो. आता प्रत्येक डब्याचा फोटो घरनंबरासकट ग्रुपवर टाकतो, म्हटलं. त्यांनी मला थांबवलं.

“सर, लोक वाईट न्हाईत. ओला म्हंजी भिजलेला, असं समजून राहिले. धुतलेली पिशवी हिरव्यात आन् वाळकी भाकर निळ्यात टाकतेत.”

चाळीस वर्षं भाषा शिकवली होती आणि हे सुचलं नव्हतं. मग तुम्हीच सांगा सगळ्यांना, म्हणून ग्रुपसाठी आवाज रेकॉर्ड करायला मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्या लाजल्या, पदर सावरला आणि बोलल्या, “दादा, ताई, मातीत मुरंल ते हिरव्यात टाका. दुधाची पिशवी किती बी धुवा, मुरत न्हाई, ती निळ्यात. ब्लेड कागदात गुंडाळून येगळं द्या. माझा हात वाचंल.”

ग्रुपवर त्या दिवशी अंगठे आले नाहीत, प्रश्न आले. अंड्याच्या टरफलांचं काय, असं दुसऱ्या मजल्यावरच्या चाचांनी विचारलं. चहाचा चोथा? नारळाची शेंडी? मावशींना विचारून मी उत्तरं लिहीत होतो, आणि पहिल्यांदाच कुणाला टाकून बोललो नाही. नंतर रोज सकाळी दूध यायच्या वेळेला तोच आवाज ग्रुपवर टाकत गेलो. महिनाभरात हिरव्या डब्यांत वेचण्यासारखं फारसं उरलं नाही.

पण पहिल्या दिवशीची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. तो आवाज ऐकून बायकोनं आमच्याच हिरव्या डब्यातून दुधाच्या दोन पिशव्या काढल्या. स्वच्छ धुतलेल्या, नीट घडी घातलेल्या. घरात पिशव्या धुवायचं काम माझं. लाज वाटली, खूप वाटली.

महिना संपला तरी मावशी खड्ड्यावर येत राहिल्या. एका सकाळी त्या पाला पसरत असताना मी धीर करून कबूल केलं.

“ठावं हाय,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “म्हणून तर फोटू थांबवले, आन् तुमच्या फोनात बोलले.”