प्लास्टिकवरचा पांढरा डाग

"माज्या डोळ्यात पांढरं आलंय गं," आई फोनवर म्हणाली. "तुज्या अप्पाची पत्रं वाचाय बसले, तर मदीच काई दिसंना."

"मोतीबिंदू असंल. वय झालंय आता," मी म्हणाले. गुलबर्ग्यात बसून इतकं बोलायला काय लागतं?

आमचे वडील सहा-सहा महिने मेंढरं घेऊन हिंडायचे आणि वाटेतल्या गावांतून आईला पत्रं टाकायचे. ते गेल्यावर ती पत्रंच तिचा आधार. अक्षर बारीक, म्हणून धाकट्या भावानं फोटो काढून तिच्या मोबाईलवर घातले. बोटांनी मोठं करून वाचायचं. पण आठ दिवसांतच तिनं मोबाईल बाजूला टाकला.

पुढच्या महिन्यात गावी, ठाणाकुशनूरला गेले, तर आई चाचपडत चालत होती. आपण आंधळे होणार, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मी मोबाईल उघडला आणि माझं डोकंच फिरलं. प्रत्येक पत्राच्या मधोमध पांढराफेक डाग! भावानं पत्रं प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेली, डोक्यावर ट्यूबलाइट आणि वरून मोबाईलचा फ्लॅश.

"अरे, प्लास्टिक चकाकतंय एवढं दिसत न्हाई व्हय तुला? काय करायलास तू? आईला आंधळं केलंस!"

"पत्रं खराब होऊ नयेत म्हणून घातली की!" तोही चिडला.

पानं बाहेर काढू म्हटलं, तर उन्हाळ्यानं शाई प्लास्टिकला चिकटलेली. ओढलं असतं तर अक्षरं निघून आली असती. आणखी चार शिव्या माझ्या तोंडात आल्या. ग्रंथालयात जुन्या कागदांचे फोटो काढायचंच माझं काम. ट्यूबलाइट घालवली, फ्लॅश बंद केला, पाकीट दाराशेजारी जमिनीवर सपाट दाबून ठेवलं, म्हणजे उजेड एका बाजूनं तिरका यावा. तरी पानावर पांढरट झाक होतीच. ती भावाच्या पांढऱ्या सदऱ्याची होती, शहाणा माझ्या शेजारी वाकून बघत होता.

"घोंगडं आण!"

अप्पांचं काळं घोंगडं मी त्याला माझ्या डोक्यावर ताणून धरायला लावलं. प्लास्टिकमध्ये आता फक्त घोंगड्याचा काळोख दिसत होता, आणि त्याखाली अप्पांचं अक्षर न् अक्षर.

नवे फोटो काढून मी आईच्या मोबाईलवर घातले. तिनं मोबाईल डोळ्यांशी धरला. "तुज्या गुडघ्याला तेल लावत जा," ती सावकाश वाचत गेली. पुन्हा वाचलं. मग पदर तोंडाला लावून रडली. "म्हंजी माजे डोळे चांगले हायत!"

"बगितलंस तू काय केलंस ते?" मी पुन्हा भावावर घसरले.

घोंगड्याची घडी घालत तो म्हणाला, "अक्का, तेच फोटो तवाच तुला बी पाठवले होते. एकदा उघडून बगितलं असतंस, तर तवाच कळलं असतं."

आई माझ्याकडे बघत होती. मी माझा मोबाईल काढला. त्याचे सगळे फोटो तिथं होते, एकही उघडलेला नव्हता.