वाणीसाहेब कुठे बसतात

ऑक्टोबरातला उकाडा. वारा खाडीकडून यायचा तो आलाच नव्हता, आणि उधन्यातल्या गल्लीत सकाळी साडेआठलाच पाठ चिकचिकीत झाली होती. उज्ज्वलाने ऑफिसचं शटर अर्धं वर ढकललं, वाकून आत शिरली, पंखा लावला. शेजारच्या खात्यातले, म्हणजे कापड कारखान्यातले, लूम्स रात्रभर चालूनही थकले नव्हते. त्या खडखडाटात टेबलावरचा पाण्याचा ग्लास हलायचा. तिने अकरा फायली एकावर एक ठेवल्या, प्रत्येकीतलं मेडिकल सर्टिफिकेट आणि पोलीस व्हेरिफिकेशन परत एकदा बोट लावून पाहिलं. सगळं ओरिजिनल. सगळ्यांवर शिक्के.

उज्ज्वला अमळनेरची. लग्न होऊन सुरतेत आली त्याला वीस वर्षं झाली, त्यातली चौदा दिलीपभाईंच्या ऑफिसात. दिलीपभाई हजीऱ्याच्या एका मोठ्या कंपनीला फिटर, वेल्डर, हेल्पर पुरवतात. माणसं ते शोधतात, माणसांचे कागद उज्ज्वला सांभाळते. तिच्या कपाटात कोणाची फाईल कुठे आहे ते डोळे मिटून सांगेल. फक्त गेल्या वर्षीच्या एका पाकिटाचं नाव काढलं की ती विषय बदलते.

गेल्या वर्षी प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात त्या शटडाऊनआधी तिने चार जणांचे कागद हजीऱ्याच्या पत्त्यावर पाठवले. कुरियरवाल्याची पावती आली, शिक्काही आला. पण गेट पासवर सही करणारा माणूस तिथे बसत नव्हता. पाकीट टपाल खोलीत पाच दिवस पडून राहिलं, आणि चौघे पूर्ण शटडाऊन घरी बसले. त्यातला एक निंबा.

आज तोच निंबा दारात उभा होता. नवागामहून सायकलने आला होता, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली.

“ताई, मना पास कव्हय येई?”

“आज कागद गेले तर शनिवारी.”

“गये साल बी आसंच सांगं व्हतं तुम्हीन.”

उज्ज्वलाने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सोमवारपासून शटडाऊन. कंपनीचा नियम साधा होता: ओरिजिनल कागद गुरुवारी चारच्या आत वेंडर विभागाच्या योगेंद्र वाणींच्या हातात. उद्या कंपनीला सुट्टी, शनिवारी पास छापायचे. आज गुरुवार.

दिलीपभाई आले, चहा मागवला. “काय बघत बसलीयेस उज्ज्वलाबेन? हजीऱ्याला टाक ना. काम तिथंच आहे, ऑर्डरवर पण तोच पत्ता.”

“ऑर्डरवर काम कुठे करायचं ते लिहिलंय, भाई. सही करणारा कुठे बसतो ते नाही.”

“मेलखाली बघ की.”

तिने पाहिलं होतं. मेलखाली वाणींचं नाव, त्याखाली कंपनीचा मुंबईचा रजिस्टर्ड पत्ता. तो प्रत्येकाच्या मेलखाली असतो, प्लांटमधल्या स्टोअरकीपरच्या सुद्धा. तिने मेलमधला वाणींच्या टेबलाचा नंबर वहीतल्या जुन्या नंबरांशी ताडून पाहिला. हजीऱ्याची एक्स्टेन्शनं चाराने सुरू व्हायची. हे साताने सुरू होत होतं. म्हणजे माणूस प्लांटवर नाही, शहरात आहे. पण शहरात कंपनीची दोन ऑफिसं, एक रिंग रोडला, एक वेसूला. तिने ते एक्स्टेन्शन लावून पाहिलं. घंटा वाजत राहिली, कोणी उचललं नाही. मेल केला, त्यालाही उत्तर नाही.

खात्री म्हणून हजीऱ्याच्या गेटला फोन केला. पलीकडचा माणूस कागद चाळत म्हणाला, “बेन, ए तो अहीं नथी बेसता. तमे मोकली दो, थेलीमां जशे.”

वाणी तिथे बसत नव्हते, पाकीट पाठवलं तर थैलीतून पुढे जाणार होतं. थैली, म्हणजे एका ऑफिसातून दुसऱ्यात जाणारं टपाल. ती निघणार सोमवारी. गेल्या वर्षी ह्याच थैलीने घात केला होता.

मग मुख्य नंबर. तिथल्या मुलीने सरळ सांगितलं, “मॅडम, एम्प्लॉयी का लोकेशन हम नहीं बताते.”

“अगं बाई, मला त्याचं घर नकोय, टेबल हवंय,” उज्ज्वला म्हणाली, पण तोवर फोन बंद झाला होता.

दिलीपभाई हसले. “एक काम कर, तीन पाकिटं बनव. तीन ठिकाणी धाड.”

“ओरिजिनल एकच आहे, भाई.”

ती उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली. चहावर साय धरली होती. अकरा वाजले. निंबा गेला नव्हता. उंबऱ्याशी उकिडवा बसून ऐकत होता. आता तो हळूच म्हणाला, “मन्ही वहिनी तठे झाडू-पोछा करस. कंपनीना हाफिसमा.”

“कुठल्या?”

“वेसूले. प्रमिला वहिनी.”

“मग मघापासून तोंड शिवलं होतं का रे?”

“तुम्हीन कोठे पुसं माले?”

प्रमिलाबाईंचा फोन बंद. निंबाने सांगितलं, कामावर फोन लॉकरमध्ये जमा करावा लागतो, जेवणाच्या सुट्टीत साडेबाराला मिळतो. साडेबारापर्यंत उज्ज्वलाने घड्याळ किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे. एकदा तर ती रिकाम्या पाकिटावर रिंग रोडचा पत्ता लिहून मोकळी झाली, आणि तेवढ्याच वेगाने पाकीट फाडून टाकलं.

साडेबाराला फोन लागला. प्रमिलाबाई घास चावत बोलत होत्या.

“वाणी साहेब? चष्मावाला? तिसऱ्या माळ्यावर बसस ना तो. दिवाळीपासून. पह्यले रिंग रोडले होता.”

“ह्या दिवाळीपासून?”

“ही दिवाळी कोठे आली अजून, बाई? गेल्या.”

“आज आलेत?”

“सकाळी डबा होता टेबलवर. पण माझं नाव नको घेऊ हां.”

“नाही घेणार.”

तरी उज्ज्वलाचं समाधान होईना. झाडणारीला टेबल माहीत, पण तिथे पाकीट घेतील का? तिने वेसूच्या रिसेप्शनला फोन लावला, आणि यावेळी माणूस कुठे बसतो ते विचारलंच नाही. “वेंडर विभागाच्या योगेंद्र वाणींच्या नावाचं पाकीट तुमच्या टपालाच्या खिडकीवर, इनवर्डला, घेतात का?”

“हो, घेतो ना. साडेतीनपर्यंत आणा,” मुलगा म्हणाला.

कुरियरचा आज भरवसा नव्हता. दिलीपभाई स्कूटर घेऊन जेवायला गेले होते, ते अडीचला परतले. तीच स्कूटर काढली, फायलींची पिशवी पायांमध्ये घट्ट धरून ती निघाली. उधना दरवाज्यापाशी सिग्नलने सात मिनिटं खाल्ली, पुढे पुलाचं खोदकाम. वेसूला पोचली तेव्हा सव्वातीन.

इनवर्डच्या खिडकीवर पोच मिळाली. तरी उज्ज्वला तिथून हलेना. “साहेबांना खाली बोलावता का एकदा? यादी मोजून घ्यायचीय.”

वाणी खाली आले. चष्मा, चाळीशीचे, घाईत. उभ्याउभ्या अकरा फायली उलगडल्या, एकेका नावावर खूण केली. दिंडोलीच्या एका पत्त्यावर थांबले, पोलिसांचा शिक्का उजेडात धरून वाचला, पुढे गेले.

“बरोबर आहे. शनिवारी दुपारी गेटवर पास. मला सगळे हजीऱ्यालाच टाकतात. तुम्हाला कोणी सांगितलं मी इथे बसतो?”

उज्ज्वला म्हणाली, “इनवर्डला विचारलं.”

“बरं केलंत,” म्हणून ते लिफ्टकडे वळले.

खाली स्कूटरपाशी येऊन तिने निंबाला फोन केला. “कागद दिले. त्यांच्याच हातात.”

पलीकडून लूमचा आवाज येत होता, म्हणजे तो अजून ऑफिसाच्या दारातच होता.

“शनिवारले व्हई ना?”

“शनिवारी म्हणाले. मी बघितल्याशिवाय खात्री देणार नाही.”

“बरं,” निंबा म्हणाला.

ऑफिसात परतली तेव्हा पाच वाजले होते. तिने पोच वहीत चिकटवली, वाणींच्या नावापुढे पेनाने ‘वेसू, तिसरा’ असं लिहिलं. मग तिने सोमवारी कामावर लागणाऱ्या सेफ्टी शूजची यादी समोर ओढली आणि कोणाला आठ नंबर, कोणाला नऊ, ते एकेकाला फोन करून विचारायला लागली.