एकदम भारी लॅपटॉप

निपाणीच्या मामांचा मेसेज आला तेव्हा मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये टेबलाखाली शिरून केबल शोधत होतो. 'चांगला लॅपटॉप सांग.' बस्स, एवढंच.

या प्रश्नाची मला चीड आहे. मी बेळगावात लॅब सांभाळतो, म्हणून निपाणीपासून खानापूरपर्यंतचे समस्त नातेवाईक मला हेच विचारतात. चपलेच्या दुकानात गेलेला माणूससुद्धा पायाचं माप सांगतो. इथे तेवढंही नाही.

तरी मी फोन लावला. "मामा, कितीपर्यंतचा घ्यायचा? त्यावर काम काय करायचंय? घरात ठेवायचा का घेऊन फिरायचा?"

"पैशाचं कशाला इचारतोस रं? लेकीला घेऊन द्यालोय. एकदम भारी सांग."

"पण तिचं काम काय?"

"लॅपटॉपवर काय असतंय, लॅपटॉपचं काम! सांगायचं न्हाय तर न्हाय म्हण."

माझं डोकं फिरलं. आमच्याकडे देणाऱ्याला आकडा विचारला की त्याला कमीपणा वाटतो. आणि जिच्यासाठी वस्तू घ्यायची तिला विचारायचं नाही, कारण घरी नेऊन एकदम पुढ्यात ठेवायचं असतं. मधल्यामध्ये मी मात्र अंतर्ज्ञानी असायला हवा! भारी पाहिजे ना, मग घ्या भारी, म्हणत मी एक सोळा इंची धूड सुचवलं. खेळ खेळणारी आणि व्हिडिओ कापणारी पोरं घेतात तसलं. मोठं ग्राफिक्स कार्ड, अडीच किलो वजन, वर विटेएवढा चार्जर. खोटं काहीच सांगितलं नव्हतं. तो खरंच भारी होता.

मामांनी तो घेतला. हळदकुंकू लावलं, समोर नारळ फोडला आणि फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. फोटोत मामेबहीण लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून उभी होती आणि हसत होती. मीही खाली अंगठा टाकून मोकळा झालो.

दोनेक महिन्यांनी एका बारशाला निपाणीला गेलतो. तिनंच मला पाणी आणून दिलं. सहज विचारलं, "कसा चाललाय लॅपटॉप?"

"चांगला हाय की, अण्णा," ती म्हणाली आणि आत जायला निघाली. मला राहवेना. मी तिला थांबवून खोदून खोदून विचारलं.

तेव्हा कळलं. डोळे तपासायचा डिप्लोमा संपवून तिला चिकोडीत एका संस्थेत नोकरी लागली होती. गावोगावच्या शाळांत जायचं, पोरांची नजर तपासायची आणि तिथल्या तिथे नंबर लॅपटॉपवर भरायचा. लॅपटॉप ज्याचा त्याने आणायचा. म्हणजे तिला हवा होता तेरा-चौदा इंची, सव्वा किलोचा, दिवसभर बॅटरी टिकणारा. हे सांगायला मला एक मिनिट लागलं असतं.

ते धूड पाठीवर घेऊन ती रोज निपाणी-चिकोडी बसमध्ये उभी राहायची. कंडक्टर कानडीत 'मुंद होग्री', पुढे सरका, करत ढकलायचा, आणि बॅग कुणाला लागली की शिव्या हिलाच. शाळेत वर्गाला प्लग नसायचा, असला तर लाइट नसायची. दोन तासांत बॅटरी खलास. तिसऱ्या खेपेला साठ पोरं रांगेत तशीच उभी राहिली आणि मास्तरांनी संस्थेला फोन केला. साहेबांनी हिला ऑफिसात बसवलं. आता इतरांनी आणलेली माहिती ती टेबलावर बसून नीट करते.

"मला शाळांतच फिरायचं होतं," ती म्हणाली. "एका पोरीला फळा दिसतच नव्हता, अण्णा. घरात सगळी तिला ढ म्हणायची. मी चष्म्याचं लिहून दिलं."

मी उठलो तो तरातरा मामांकडे. पाहुण्यांसमोरच म्हटलं, "तिला विचारलं असतंत तर तोंड झिजलं असतं का तुमचं? माझा हलका लॅपटॉप घ्या, तो मला द्या!"

मामांचा चेहरा उतरला. "लई हौसेनं दिलतो रं. तूच सांगितलास म्हणून घेतला."

मामीनं मला आत बोलावलं. मामांच्या अडाणीपणाचा, साहेबाचा, बसचा, सगळ्यांचा राग आलता. कामाचा म्हणून कायम पिशवीत असणारा माझा लॅपटॉप काढून मी मामेबहिणीपुढे केला. तिनं तो उचलून पाहिला, एका हातात तोलला आणि परत माझ्या पिशवीत ठेवला. शाळांच्या जागेवर दुसऱ्याला घेऊन झालं होतं.

"आप्पांवर कशाला ओरडलास?" ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना न्हाय कळत. तुला कळत होतं. तू मला एक फोन का न्हाय केलास?"