चाळीसरावांनी धरलेला ओव्हरटाइम

आमच्या कारखान्याच्या कामगार पतपेढीत कर्जाच्या खिडकीवर बसणाऱ्या गृहस्थांना सगळे चाळीसराव म्हणत. शेजारच्या रोखीच्या खिडकीवर मी अठरा वर्षं बसतोय, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. रागही आहे.

कर्ज मागायला आलेला माणूस टेकायच्या आत ते विचारायचे, "हातात किती पडतो?" सगळी कापाकापी होऊन घरी जातो तो पगार. तोही सहा महिन्यांची पगारपत्रकं मांडून त्यातला सर्वांत कमी, ओव्हरटाइम सोडून. जुने हप्ते आणि नवा हप्ता मिळून त्या पगाराच्या चाळीस टक्क्यांवर गेले की अर्ज परत. "उरलेल्या साठात घर चालतं, आजारपण निघतं. तिथे हात घातला तर पोरांच्या ताटात हात घातला," हे ते इतक्यांदा म्हणाले होते की रंगकाम विभागातली टारगट मंडळी खिडकीशी येताच त्यांच्या आधी म्हणून दाखवत. एका फिटरची बायको दवाखान्यात होती आणि हिशेब एकेचाळीसवर जात होता. चाळीसरावांनी मुदत वाढवून हप्ता खाली आणला, पण एकेचाळीस काही दिले नाहीत. तेव्हा मला तो माणूस देवमाणूस वाटला होता.

त्यांचा धाकटा भाऊ आमच्याच कारखान्यात टर्नर. वडील गेल्यावर चाळीसरावांनीच त्याला वाढवलेलं. त्याला चारचाकी घ्यायची होती. का, तर साडूने घेतली. ओव्हरटाइम सोडून हातात तीस हजार पडत होते, बँकेच्या घरकर्जाचा हप्ता नऊ हजार, गाडीचा सात. एकूण सोळा.

"त्रेपन्न टक्के होतात," मी माझ्या खिडकीतूनच म्हणालो.

ते त्यांना माहीत होतंच. पण त्या वेळी मोठी ऑर्डर चालू होती आणि तीन महिने ओव्हरटाइम धरून भावाच्या हातात चाळीस हजार पडत होते. चाळीसरावांनी तीच तीन पगारपत्रकं अर्जाला जोडली. चाळीस हजारांत सोळा हजार. बरोब्बर चाळीस टक्के.

"सर्वांत कमी पगार धरायचा ना?"

"कष्टाळू आहे तो. ओव्हरटाइम सोडणार नाही."

"तो नाही सोडणार हो. कारखानाच ओव्हरटाइम बंद करेल."

"तुम्ही तुमची रोकड मोजा."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी रोकड मोजली. सचिवांनी नेहमीप्रमाणे चाळीसरावांच्या आकड्यावर डोळे झाकून सही केली.

चौथ्या महिन्यात ऑर्डर संपली. पगार तीसवर आला. आमचा हप्ता पगारातूनच कापला जातो आणि कापायची यादी करतात चाळीसराव. दर पंचवीस तारखेला ते स्वतःच्या हाताने भावाचं नाव लिहीत, पुढे सात हजार. घराचे नऊ दिल्यावर चार माणसांना चौदा उरत, त्यातच पेट्रोल. वर्षभरात घराचे, बँकेचे हप्ते चुकू लागले, वर दंड चढला. गाडी विकली तर कर्जाच्या निम्मेही आले नाहीत. आले ते कर्जात गेले, मुदत थोडी घटली, पण दारात नसलेल्या गाडीचे सात हजार कापले जातच राहिले. भावाची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिची फी भरली गेली नाही. ती आमच्याच पॅकिंगला लागली. पोरगी हुशार होती. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

गेल्या महिन्यात ती कर्जाच्या खिडकीवर आली. न विचारता तिने सहाही पगारपत्रकं मांडली.

"काका, घराची नोटीस आलीय. थकलेले भरायचेत. हप्ता सहा हजार बसेल."

चाळीसरावांनी चष्मा लावला. चार महिने बारा हजार, शेवटचे दोन पंधरा.

"बसत नाही, बाळ. अठ्ठेचाळीसशेच्या वर नाही देता येत."

"मुदत वाढवून?"

"जास्तीत जास्त धरलीय."

"ओव्हरटाइम धरला तर पंधरावर सहा बसतात. चाळीस टक्केच होतात. मी घरी करून पाहिलं."

"ओव्हरटाइम धरत नाहीत."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"बाबांचा धरला होता ना तुम्ही?"

माझ्या खिडकीवर रांग होती, तरी माझा हात थांबला. चाळीसरावांनी सहाही पत्रकं गोळा केली, कडा जुळवल्या आणि अर्जासकट तिच्या हातात परत दिली. या खेपेला त्यांनी केलं ते अगदी बरोबर होतं.

ती गेली. तारीख पंचवीस होती. चाळीसरावांनी यादी पुढे ओढली आणि भावाचं नाव लिहिलं.