तार तेवढीच, जागा कमी

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला सगळे काटेरी म्हणतात. नाव ऐकून माणूस घाबरतो, आणि प्रत्यक्षात समोर येतो तो गोल चेहऱ्याचा, हळू बोलणारा, मांजराला वाट द्यायला सायकल थांबवणारा पन्नाशीचा गडी. काटेरी तारेचं कुंपण घालणं हा त्याचा धंदा, म्हणून हे नाव. स्वभावाचा त्यात काही दोष नाही. स्वभाव काटेरी असेल तर तो त्याच्या बायकोचा, आणि तेही बरंच झालं. नाहीतर त्या घरात दोन उशा एकमेकींवर ठेवल्यासारखं झालं असतं.

पोर वयात येईपर्यंत त्याचं कशातच मन लागलं नाही. शाळेत नाही, दुकानात नाही. मग एका कुंपणवाल्याच्या हाताखाली खांब धरायला लागला आणि तिथंच रमला. खड्डा खणायचा, खांब ओळंब्यात उभा करायचा, तार ओढायची, पकडीनं पीळ द्यायचा. त्याची तार कुठंही ढिली नसते. चिमणी बसली तरी हलत नाही, असं लोक सांगतात. हाताला ओरखडे इतके, की त्याच्या तळहातावरची आयुष्याची रेघ कुठली आणि तारेची कुठली, हे एखाद्या ज्योतिषालाही कळायचं नाही.

या धंद्यात पैसे मिळतात ते फुटावर. म्हणजे कुंपण जेवढं लांब, तेवढी मजुरी. जागेला एक फेरा मारायचा, चारी बाजू मोजायच्या, बेरीज करायची, झालं. तीस वर्षं त्यानं हेच केलं. त्यामुळं जगातली प्रत्येक वस्तू तो कडेनं मोजतो. मला नवी चादर आणली होती, तर ती उघडायच्या आधीच याची बोटं काठावरून फिरली. एकदा पोटात दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कुठं दुखतंय?" हा म्हणाला, "बरगडीपासून खाली, साधारण सहा इंच."

स्वतःची जागा मात्र नव्हती. भाड्याच्या दोन खोल्या. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नसे, म्हणून बायकोनं कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलं होतं आणि वारा आला की महिने आपोआप उलटायचे. ती एका पाळणाघरात साफसफाईचं काम करते. दोघांनी मिळून पाच लाख जमवले. कसे जमवले ते मी सांगत बसत नाही. ज्यांनी जमवलेत त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी नाही जमवले त्यांना सांगून पटायचं नाही.

अशात गावाबाहेर एका माळावर प्लॉट पडले. त्या माळाच्या मालकानं सगळ्या प्लॉटांच्या कुंपणाचं काम काटेरीलाच दिलं. काम करता करता याची नजर एका प्लॉटवर बसली. तीस बाय चाळीस, रस्त्याला लागून. त्याच्याच मागं दुसरा होता, वीस बाय पन्नास. मालकाचा भाव एकच, स्क्वेअर फुटाला पाचशे.

एके दिवशी दुपारी हा माझ्याकडं आला तो पक्कड हातात तशीच घेऊन, आणि चेहरा तापलेला. मागून बायको, पदरानं वारा घेत. ती कामावरून थेट आली होती.

"मावशी, मी काम सोडून आलो," तो म्हणाला.

"आधी पक्कड खाली ठेव," मी म्हटलं, "मी तुझं काही वाईट केलं नाही."

त्यानं पक्कड खाली ठेवली पण आवाज ठेवला नाही. म्हणाला, "मालकानं मला फसवायला बघितलं. तीस वर्षं तार ओढतोय, मला जागा कळत नाही होय? पुढच्या प्लॉटचे सहा लाख मागतो आणि मागच्याचे पाच लाख. जागा दोन्ही सारख्या! मी तोंडावर सांगितलं, मालक, गरिबाला लाखाला टोपी घालू नका. आणि आलो निघून."

"सारख्या कशा?" मी विचारलं.

"दोन्हीला तार मीच लावली. तीस, चाळीस, तीस, चाळीस, एकशेचाळीस फूट. वीस, पन्नास, वीस, पन्नास, परत एकशेचाळीस फूट. एका फेऱ्याला इंचाचा फरक नाही."

खरं सांगते, मला पटलं. चौथीपर्यंतचं माझं गणित, त्यातलं अर्धं हिशेबाच्या वहीबरोबरच गेलं. आकडे दोन्हीकडचे सारखे, मग जागा सारखी, असंच कुणालाही वाटेल.

बायको म्हणाली, "मालक काय म्हणाले ते पण सांगा की."

"काय म्हणणार? लांबी आणि रुंदीचा गुणाकार करायचा म्हणे. तीस गुणिले चाळीस, बाराशे. वीस गुणिले पन्नास, हजार. मी म्हटलं, कागदावर काहीही करता येतं. तार खोटं बोलत नाही."

"तार खोटं बोलत नाही, पण तुम्ही माझं ऐकत नाही," ती म्हणाली. "अहो, सगळे प्लॉट विकले जातायत. रागावून बसलात तर प्लॉटही हातचा जाईल, आणि कुंपणाचं कामही. मग मी त्या खिडकीच्या गजाला अजून किती कॅलेंडरं बांधू?"

इथं तिचा आवाज जरा कापला. बायको रागावली तर काटेरी हसतो, पण तिचा आवाज कापला की त्याला बसायची जागा सापडत नाही. तो उभाच राहिला.

ती खाली बसली आणि माझ्या बैठकीच्या खोलीतल्या फरशीकडं बघत राहिली. फरशी फूट बाय फुटाची आहे, जुनी. मग एकदम म्हणाली, "तुमच्या पिशवीत बांधायची मऊ तार आहे ना? चौदा फूट कापा."

"चौदा कशाला?"

"एकशेचाळीस इथं मावणार नाहीत म्हणून. कापा."

त्यानं कापली. आता हुकूम मिळाला की हात चालतात त्याचे. ती म्हणाली, "ही तार फरशांच्या सांध्यावर मांडा. तीन फूट इकडं, चार फूट तिकडं." त्यानं मांडली. चारी कोपरे असे काटकोनात वाकवले, की माझ्या फरशीचा मान वाढला. तार बरोबर पुरली.

"आतल्या फरशा मोजा."

"बारा."

"आता तीच तार उचला. दोन फूट आणि पाच फूट करा."

त्यानं केलं. तार याही वेळी बरोबर पुरली, ना कमी ना जास्त. तो विजयानं माझ्याकडं बघायला लागला. "बघ मावशी! तीच तार!"

"तार तीच," बायको म्हणाली. "पण मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फरशी पुसते, काठ नाही पुसत. मला फडकं किती फरशांवर मारावं लागेल ते सांगा."

त्यानं मोजलं. मग परत मोजलं. बोटानं एकेक फरशी दाबून मोजलं, जणू एखादी निसटून पळाली असेल.

"दहा," तो म्हणाला.

मग त्याला काय झालं कोण जाणे, तो गुडघ्यांवर बसला आणि तार स्वतःच वाकवायला लागला. एक फूट आणि सहा फूट. आत सहाच फरशा. मग त्यानं समोरासमोरच्या दोन लांब कडा एकमेकींना चिकटवल्या. सात फुटांची दुहेरी तार झाली आणि आत काहीच राहिलं नाही.

"अगं मावशी," तो हळूच म्हणाला, "तार सगळी इथंच आहे, आणि जागाच गेली!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण डोकावली. तोही हसला, पण जरा उशिरा. तीस वर्षांचं मोजमाप एका फरशीवर उलटल्यावर हसायला तेवढा वेळ लागणारच. मी म्हटलं, "अरे, तुझं चुकलं नाही. तू विकतोस कडा, मालक विकतो मधलं. ज्याचं जे, त्यानं ते मोजलं."

"तर मग आता जा आणि माफी मागा," बायको म्हणाली.

"उद्या जातो."

"आत्ता. मी बरोबर येते. मालकांनी टोपी घातली म्हणालात ना, ती आधी काढून द्या."

पुढचं मला दोघांनी सांगितलं, आणि दोघांचं सांगणं वेगळं, पण मुद्दा एक. मालक खुर्चीत चहा पीत बसले होते. काटेरी समोर उभा राहून म्हणाला, "मालक, माझी चूक झाली. मी बेरीज करत होतो आणि तुम्ही गुणाकार."

मालक म्हणाले, "अरे बाबा, मी तेच ओरडून सांगत होतो! तू तर मला चोर करून गेलास. पुढचा प्लॉट हवा तर सहा लाखच. भाव सगळ्यांना एकच."

"सहा नाहीत माझ्याकडं. पाच आहेत." बायको सांगते की तिला वाटलं, आता हा मागचाच घेणार. पण तो तर कडेनं विचार करणारा माणूस, त्यानं दुसरंच विचारलं. "मालक, टोकाला पंचवीस बाय चाळीसचा आहे ना? तो कुणी घेतला?"

"टोकाला कोण जातंय? पडून आहे."

"तोही हजारच की. पंचवीस चोक शंभर, पुढं एक शून्य. म्हणजे पाच लाखच. आणि तार लागते एकशेतीस फूट, मागच्यापेक्षा दहा फूट कमी. दर्शनी बाजू पण पाच फूट जास्त. वीसच्या प्लॉटवर दोन खोल्या शेजारी बसवताना अंग चोरावं लागलं असतं."

मालक हसायला लागले. म्हणाले, "आत्ता माझ्याकडं भांडायला आला होतास, आणि तासाभरात मलाच प्लॉट विकायला लागलास! टोकाचा आहे, तुझ्यासाठी फुटामागं वीस कमी करतो."

"वीसच?" काटेरीच्या तोंडून निघून गेलं. बायकोनं मागून कोपर मारलं. ती पुटपुटली, "हजारदा वीस!" तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. हजार फुटांचे वीस हजार. चारशेऐंशीच्या भावानं चार लाख ऐंशी हजार. तिथंच सौदा पक्का झाला, आणि कुंपणाचं अर्धवट काम यानं दुसऱ्या दिवशी जरा जास्तच ताणून पुरं केलं.

स्वतःच्या प्लॉटला तार लावली तेव्हा मला बघायला घेऊन गेले. माझ्यासाठी एक खुर्ची सायकलवर बांधून आणली होती. काटेरी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावत होता, खांब हलवून बघत होता, तारेला बोट लावून तिचा आवाज ऐकत होता. बायको मात्र जागेच्या बरोबर मध्यावर उभी होती. चपला काढून.

"अगं, इकडं ये," तो लांबून ओरडला, "हा कोपरा बघ कसा बसलाय!"

"कोपरे तुम्ही बघा," ती म्हणाली. "मधलं मी बघतेय."