चांगुणामावशीची साक्ष

हदगावात कुणाच्या घरी काय शिजलं, हे त्या घरच्या सुनेआधी चांगुणाबाईला कळायचं. म्हणून लोक तिला टाळायचे, आणि तिचा भाचा, एसटीचा ड्रायव्हर आदिनाथ, सगळ्यात आधी. पण गावातल्या एका लग्नात उभ्याउभ्या तो कोसळला, हात झटकले, अन् मांडवभर ‘फिट आली’ झालं. फिट ठरली तर स्टेअरिंग सुटणार होतं. नांदेडच्या डॉक्टरांपुढं तो रडवेला बसला, शेजारी चांगुणामावशी. त्याला स्वतःला काही आठवत नव्हतं.

“पडताना पाहिलं कुणी?”

“म्या! तासभर उपाशी उन्हात उभा. नवरीच्या मैत्रिणीकडं बघून राहिला होता.”

“मावशे!”

“गप रे. तोंड पांढरंफटक पडलं, घाम फुटला, ‘अंधारी आली’ म्हणला अन् खाली कोसळला. दोघा शहाण्यांनी बखोट धरून उभा केला, नाकाला चप्पल लावली. तवा हात चार-पाच बार झटकले. म्या वरडले, आडवा करा! आडवा केला तसे लगेच डोळे उघडले, मला ओळखलं अन् म्हणला, चप्पल सारा.”

“जीभ चावली? कपडे ओले झाले?”

“न्हाई.”

डॉक्टर हसले. “मग ही फिट नाही, भोवळ वाटते. उभं धरल्यानं मेंदूला रक्त पोचलं नाही, म्हणून झटके.”

ईसीजी अन् रक्तदाबही ठीक निघाला. स्टेअरिंग वाचलं.

बाहेर येताच आदिनाथ हळूच म्हणाला, “मावशे, त्या मैत्रिणीचं नाव काय?”

नाव, गाव, शिक्षण. मावशीला सगळं पाठ होतं.